गुडघ्याचा व्यायाम आणि कादंबरीचा पुढचा भाग : दोन्हींची आठवण एकाच गजरात कशी बांधायची

घरी करायला दिलेला व्यायाम लोक सोडतात, त्याचं कारण बहुतेक वेळा दुखणं नसतं. निव्वळ कंटाळा असतो. पाय उचला, पाच सेकंद धरा, खाली ठेवा, परत उचला. समोर फक्त भिंत. मी इंदूरमध्ये फिजिओथेरपी करते, आणि गुडघेदुखीच्या माणसांना व्यायामाच्या कागदासोबत एक जोडीही लावून देते. कंटाळवाण्या कामाला एक आवडती गोष्ट बांधायची आणि ती आवडती गोष्ट त्या कामाव्यतिरिक्त कुठेही मिळू द्यायची नाही. मानसशास्त्रात याला टेम्प्टेशन बंडलिंग म्हणतात.

ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन तीन चुका करतात. पहिली चूक म्हणजे आवडती गोष्ट नंतरचं बक्षीस म्हणून ठेवतात, सोबत घेत नाहीत. दुसरी, तीच गोष्ट एरवीही मोकळी ठेवतात. आणि तिसरी, सगळ्यात जास्त घडणारी, म्हणजे आठवण लावताना फक्त कंटाळवाण्या कामाची लावतात. मग गजर वाजतो, त्यावर 'व्यायाम' एवढंच लिहिलेलं असतं आणि अंगठा आपोआप तो बंद करतो. खाली जो क्रम दिला आहे तो या तिन्ही चुका टाळण्यासाठी आहे. टप्पे उलटसुलट करू नका. विशेषतः गजर सगळ्यात आधी लावू नका, त्याचा नंबर चौथा आहे.

उदाहरण म्हणून सुदामानगरच्या एका काकूंची जोडी घेते. वय पासष्टच्या पुढे, दोन्ही गुडघे झिजलेले, घरात काका, मुलगा, सून, नातू. व्यायामाचा कागद फ्रिजवर लावलेला आणि त्यावर धणे-जिऱ्याच्या पुडीचा डाग. "अगं, गजर वाजला की मी म्हणते, हो बाई, करते. आणि पोह्यांचं पाहायला जाते," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

सुरू करण्याआधी एक इशारा : व्यायाम टळतो तो कंटाळ्याने की दुखण्याने, हे आधी ठरवा. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत असेल किंवा गुडघा सुजत असेल, तर जोडी लावू नका, ज्यांनी व्यायाम दिला त्यांना दाखवा. रंगलेल्या गोष्टीच्या नादात माणूस दुखणं रेटून नेतो, आणि तिथे ही युक्ती उलट अपाय करते.

## टप्पा १ : कंटाळवाणं काम मोजून घ्या

'गुडघ्याचा व्यायाम' हे काम नाही, ते कामाचं नाव आहे. जोडी लावण्याआधी त्याची सुरुवात, शेवट, जागा आणि मिनिटं ठरलेली हवीत. काकूंच्या कागदावर पाच गोष्टी होत्या. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून मांडी आवळत तो खाली दाबणं. एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवत साधारण वीतभर उचलणं. पलंगावर टाच सरकवत गुडघा वाकवणं. खुर्चीत बसून पाय समोर सरळ करणं. आणि शेवटी खुर्चीतून उठणं-बसणं. पहिल्या चार प्रत्येक पायाने दहा वेळा, त्यात टाच सरकवणं सोडून बाकी तिन्हींत पाच सेकंद धरायचं. शेवटची आठ वेळा. (हा त्यांचा कागद आहे, तुमचा वेगळा असेल. तुमचाच वापरा.)

आता एकदा, कोणतीही गोष्ट न लावता, हे सगळं घड्याळ लावून करा. मध्ये दम खाल्ला, कूस बदलली, पलंगावरून खुर्चीवर आलात, तो वेळही धरा. काकूंना अठरा मिनिटं लागली. त्यांचा स्वतःचा अंदाज 'पाऊण तास तरी जातो' असा होता. कंटाळवाण्या कामाचा वेळ माणूस नेहमीच फुगवून सांगतो, आणि आवडत्या गोष्टीची लांबी या आकड्यावर बसवायची असल्यामुळे तो खरा हवा.

त्यानंतर सामान एका पिशवीत भरा : टॉवेल, लागत असेल तर रबरी पट्टा, दोन वाट्या आणि राजम्याचे दहा दाणे. दाणे कशाला, ते पुढच्या टप्प्यात येईल. पिशवी व्यायामाच्या जागेपासून हाताच्या अंतरावर टांगा. काकूंना जमिनीवर बसता येत नाही, म्हणून जागा ठरली मागच्या खोलीतला दिवाण आणि त्याला लागून ठेवलेली लाकडी खुर्ची. प्लॅस्टिकची खुर्ची उठता-बसताना सरकते, ती नको.

तपासा : घरातल्या कुणालाही विचारलं की 'व्यायाम कुठे आणि किती वेळाचा', तर एका वाक्यात उत्तर मिळतं का? मिळत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : आवडती गोष्ट निवडा

इथे घाई होते. जे सहज हाताशी असतं ते लोक जोडून टाकतात : रेडिओ, टीव्ही, चहा. यातलं प्रत्येक का फसतं ते पाहू या.

चहा दोन-चार मिनिटांत संपतो आणि काम अठरा मिनिटांचं आहे. उरलेली चौदा मिनिटं परत भिंत. खाण्याचं तेच, वर आणखी एक भानगड. इंदुरात कुणाला 'आवडती गोष्ट सांगा' म्हटलं की शेव आणि जिलबीच पहिल्यांदा तोंडावर येते. गुडघ्यावरचं वजन कमी करायला सांगितलेल्या माणसाने रोज व्यायामाला जिलबी बांधणं म्हणजे मीच माझं काम वाढवून घेणं. शिवाय झोपून पाय उचलताना खाणार कसं?

टीव्हीची अडचण डोळ्यांची आहे. उताणं झोपून पडदा बघायला मान वळवावी लागते आणि पाय कुठे गेला याकडे लक्ष राहत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे टीव्ही घरात सगळ्यांचा असतो. तुम्ही व्यायाम चुकवलात तरी मालिका दिवाणखान्यात चालूच राहते, आणि स्वयंपाकघरातून कानावर पडतेच. जी गोष्ट राखून ठेवता येत नाही, ती जोडीला चालत नाही.

रेडिओची उणीव वेगळी आहे. गाणी छान असतात, पण आजचं गाणं चुकलं म्हणून उद्या जीव कासावीस होत नाही. जोडीसाठी अशी गोष्ट हवी जी अर्ध्यावर तुटली की टोचते. म्हणून माझी पहिली पसंती नेहमी ऐकायच्या कादंबरीला असते, तीही कथानक असलेली, रहस्याची किंवा नात्यागोत्याच्या गुंत्याची. चिंतनपर ललित सुंदर असेल, पण ते कुठेही थांबवता येतं आणि थांबलेलंच राहतं. आणि 'ऐकायला हवी' असं पुस्तक तर मुळीच घेऊ नका. बरेच सुशिक्षित लोक इथे स्वतःला सुधारायला निघतात आणि एखादा जाडजूड वैचारिक ग्रंथ निवडतात. मग कंटाळवाण्या कामाला दुसरं कंटाळवाणं काम बांधलं जातं. मोहच हवा. थोडा लाजिरवाणा असला तरी हरकत नाही. काकूंनी शेवटी वाड्यातल्या खुनाची एक कादंबरी घेतली, 'यांना सांगू नकोस हं' या अटीवर.

आता दाण्यांचं. कान गोष्टीत असताना मनात 'एक, दोन, तीन' मोजता येत नाही. दोन्हीला शब्दच लागतात, आणि शब्दांची जागा एका वेळी एकालाच मिळते. मग एक तर मोजणी चुकते किंवा गोष्ट निसटते. यावर उपाय असा की मोजणी तोंडातून काढून हातात द्यायची. दहा राजमे एका वाटीत, प्रत्येक वेळी पाय खाली आला की एक दाणा दुसऱ्या वाटीत. वाटी रिकामी झाली की तो पाय झाला. पाच सेकंद धरण्यासाठी समोरच्या भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ लावा. काटा एका आकड्यावरून पुढच्या आकड्यावर गेला की पाच सेकंद. मनात काही मोजावं लागत नाही.

हाच नियम उलट बाजूनेही वापरता येतो. तुमचं कंटाळवाणं काम व्यायाम नसून दुकानाच्या खरेदीची बिलं भरणं असेल, तर त्याला गोष्ट किंवा क्रिकेटची कॉमेंट्री बांधू नका. आकडे आणि शब्द एकमेकांच्या पायात येतात, आणि चुकलेली बिलं महिन्याच्या रिटर्नला परत शोधत बसावी लागतात. तिथे शब्द नसलेलं वादन लावा. हात आणि अंग गुंतलेलं असेल त्या कामाला, म्हणजे व्यायाम, इस्त्री, मेथी निवडणं, कपाट आवरणं यांना गोष्ट चालते. डोकं शब्दांत गुंतलेलं असेल त्याला नाही.

इशारा : वायरचे इअरफोन वापरू नका. पाय उचलताना वायर अडकते आणि उठता-बसताना ओढली जाऊन तोल जाऊ शकतो. फोनचा स्पीकर पुरतो.

## टप्पा ३ : आवडती गोष्ट कुलपात ठेवा

जोडी टिकते ती या टप्प्यावर, आणि वाचणाऱ्यांपैकी बरेच जण नेमका हाच टप्पा गाळतील.

या विषयावरचा एक प्रयोग इथे सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कॅथरीन मिल्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१४ साली प्रसिद्ध केला. एका गटाला खिळवून ठेवणाऱ्या कादंबऱ्या भरलेले आयपॉड दिले, पण ते आयपॉड व्यायामशाळेतच राहणार, बाहेर न्यायचे नाहीत. दुसऱ्या गटाच्या स्वतःच्या आयपॉडवर त्याच प्रकारच्या कादंबऱ्या भरून दिल्या आणि 'फक्त व्यायाम करतानाच ऐका' असं सुचवलं. तिसऱ्या गटाला यातलं काहीच नाही. सुरुवातीच्या काळात पहिला गट तिसऱ्यापेक्षा ५१ टक्के जास्त वेळा व्यायामशाळेत गेला, तर दुसरा २९ टक्के जास्त. म्हणजे स्वतःला दिलेला शब्दही काम करतो, पण कुलूप त्याहून बरंच जास्त करतं.

घरी कुलूप कसं लावायचं? प्रत्येक घरात एक जुना, कडेला तडा गेलेला, सिम काढून ठेवलेला फोन असतो. तो घ्या, त्यात कादंबरी उतरवून ठेवा, म्हणजे वायफाय नसलं तरी चालेल. वापरातल्या फोनवरून ती कादंबरी आणि ते अॅप काढून टाका. जुना फोन पिशवीत, टॉवेलच्या आत. त्याचा चार्जर मागच्या खोलीतच लावा, म्हणजे चार्जिंगच्या निमित्ताने फोन स्वयंपाकघरात येणार नाही. काकूंच्या घरी पहिल्यांदा हीच गळती झाली. चार्जर ओट्याजवळ होता, आणि भाजी चिरता चिरता खुनी कोण याचा अर्धा तपास तिथेच उरकला.

जुना फोन नसेल तर घरातल्या कुणाला तरी राखणदार करा. सुनेच्या फोनवर कादंबरी, आणि ती टॉवेल अंथरलेला पाहिल्याशिवाय फोन देणार नाही. हे चालतं, पण सून घरी नसली की जोडी बंद पडते. त्यामुळे जुना फोनच बरा.

तपासा : आत्ता, या क्षणी, व्यायाम न करता ती गोष्ट ऐकायची असेल तर किती सायास पडतील? उत्तर 'काहीच नाही' असेल तर कुलूप लागलेलं नाही.

## टप्पा ४ : दोन्हींची एकच आठवण

आता गजर. आधी वेळ ठरवू या, मग शब्द.

रोजच्या एखाद्या घटनेला जोडलेली वेळ लक्षात राहते, हे खरं. पण घटना नीट निवडा. आमच्याकडे पुष्कळ जण 'नर्मदेचं पाणी भरून झालं की' असं ठरवतात. बऱ्याच वस्त्यांत ते पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे व्यायामही एक दिवसाआड होतो, आणि टाकी भरण्याच्या गडबडीत त्या दिवशीही राहतो. कचरागाडीचंही तसंच. गाणं ऐकू येतं, पण ती कधी लवकर येते, कधी उशिरा, आणि ती आली की माणूस डबे घेऊन धावतो, पाय उचलायला बसत नाही. घटना रोजची हवी, साधारण एका वेळची हवी, आणि ती संपल्यावर पुढची वीस मिनिटं हात मोकळे हवेत. काकूंच्या दिवसात अशी एकच जागा सापडली : दुपारचा चहा झाल्यावर, नातू शिकवणीला गेल्यावर. साडेचार.

गजर वापरातल्या फोनवर लावा, जुन्या फोनवर नाही. जुना फोन पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला आहे, त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार?

आता गजराचं लेबल, म्हणजे वाजताना पडद्यावर दिसणारी ओळ. चुकीची ओळ अशी असते :

- ४:३० व्यायाम
- ५:०० कादंबरी

यात दोन गजर आहेत, आणि माणूस पहिला बंद करून दुसऱ्याची वाट बघतो. जोडी तुटली. आणखी एक चुकीचा प्रकार म्हणजे 'व्यायाम केलास तर कादंबरी'. यात अट आहे, धाक आहे, आणि गोष्ट परत बक्षीस झाली आहे. बरोबर ओळ एकच असते आणि तिच्यात दोन्ही एकाच वेळी घडतात :

- ४:३० दिवाणावर पाय उचलत ऐक : कडी आतून, मग खुनी गेला कुठून?

दुसरा अर्धा भाग रोज बदलायचा. काल गोष्ट जिथे तुटली ते सात-आठ शब्दांत लिहायचं. एवढ्यासाठी अर्धं मिनिट लागतं, पण याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशाने पडत नाही. रोज तेच वाचलं की डोळा त्यावरून घसरतो. काल स्वतःच अर्ध्यावर सोडलेला प्रश्न मात्र वाचला जातो. मराठी टाइप करणं जड जात असेल तर बोलून लिहायची सोय वापरा. काकू फोनला तोंडाशी धरून 'आत्याच्या हातात किल्ली कशी' असं म्हणत तेव्हा शेजारच्यांना काय वाटत असेल, कोण जाणे.

स्नूझ बंद करा. 'दहा मिनिटांनी' हे बटण समोर असलं की तेच दाबलं जातं.

गजराला जोड म्हणून डोळ्यांसाठीही एक खूण ठेवा. फ्रिजवरचा कागद ही खूण नाही, तो आता फ्रिजचाच भाग झाला आहे. टॉड रॉजर्स आणि मिल्कमन यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ठरवलेली गोष्ट आठवायला नेहमीच्या वस्तूंपेक्षा विचित्र, उठून दिसणारी वस्तू जास्त उपयोगी पडते. अट एवढीच की ती नेमकी कृती करायच्या वेळी आणि जागी नजरेस पडली पाहिजे. आणि आधीच मनाशी ठरवायचं : 'ही दिसली की ते करायचं.' काकूंनी चहाच्या डब्यावर नातवाचा मोडका प्लॅस्टिकचा डायनासोर ठेवला. चहा करायला डबा उघडायचा तर तो उचलावा लागतो. उचलला की तो ओट्यावर ठेवायचा नाही, हातात घेऊन मागच्या खोलीत न्यायचा आणि दिवाणावर बसवायचा. चहा पिऊन झाला की तिकडेच जायचं. व्यायाम झाल्यावर डायनासोर परत डब्यावर.

इशारा : खूण महिनाभर तीच ठेवू नका. सवयीची झाली की दिसेनाशी होते. तीन-चार आठवड्यांनी वस्तू बदला, जागा तीच राहू द्या.

## टप्पा ५ : प्रत्यक्ष करताना

क्रम असा : गजर, पिशवी, टॉवेल गुडघ्याखाली, राजमे वाटीत. पहिल्यांदा मांडी आवळून टॉवेल दाबला, एक दाणा पलीकडे गेला, आणि मगच गोष्ट सुरू. हे 'मगच' महत्त्वाचं आहे. गोष्ट आधी लावली की माणूस म्हणतो, जरा एवढा प्रसंग होऊ दे. प्रसंग होतो, आणि सोबत ऐकणं संपून नुसतं ऐकणं उरतं.

दोन पायांमधली विश्रांती धरली आहे, तेवढ्यात गोष्ट चालू राहू द्या. पण दाराची बेल वाजली, फोन आला, दूध उतू जातंय असं वाटलं, तर उठण्याआधी गोष्ट थांबवा. पाय थांबले की गोष्ट थांबली, एवढाच नियम लक्षात ठेवा.

खुर्चीतून उठणं-बसणं शेवटी येतं आणि लोक तेच गाळतात, कारण तोपर्यंत गोष्ट रंगलेली असते आणि झोपून ऐकायला बरं वाटतं. त्यामुळे दिवाणावरून खुर्चीवर येताना फोनही उचलून खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवा. आवाज तुमच्याबरोबर पुढे गेला की तुम्हीही जाता. उठताना मात्र लक्ष पायांकडे. आठ वेळा उठून होईपर्यंत गोष्टीतलं एखादं वाक्य निसटलं तरी चालेल.

शेवटची उठबस झाली की गोष्ट तिथेच बंद, मग कुणी दारामागे उभं का असेना. भाग पूर्ण करायचा मोह इथे सगळ्यात जास्त असतो, आणि तो पुरवला तर उद्याच्या गजरात लिहायला काही उरत नाही. काकूंची कादंबरी साधारण चाळीस मिनिटांच्या भागांत होती आणि व्यायाम अठरा मिनिटांचा, त्यामुळे ती रोज मध्येच तुटायची. हे चांगलंच झालं. भाग दहा-बारा मिनिटांचे असतील तर मात्र पुढचा भाग आपोआप सुरू होईल अशी सोय करून ठेवा, नाहीतर व्यायाम अर्ध्यावर असताना शांतता पसरते.

बंद केल्यावर लगेच, दिवाणावर बसल्या बसल्या, उद्याची ओळ गजरात लिहा. स्वयंपाकघरात जाऊन लिहू म्हटलं की राहतं.

तपासा : दुसऱ्या वाटीत दाणे पूर्ण दहा पडतात का? गोष्टीच्या भरात सातावरच पाय बदलला जात असेल तर आवाज थोडा कमी करा. तरीही होत असेल तर कादंबरी जरा जास्तच गुंतागुंतीची आहे, कमी पात्रांची घ्या.

## टप्पा ६ : खंड पडण्याआधीची तयारी

मघाच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग लोक सांगत नाहीत. सुरुवातीचा तो ५१ टक्क्यांचा फरक हळूहळू कमी होत गेला, आणि थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत व्यायामशाळा बंद राहिल्यावर तर परिणाम जवळजवळ पुसला गेला. सुट्टीनंतर लोक परतले, कादंबऱ्या तिथेच होत्या, पण जोडी मोडली होती.

आपल्याकडे अशी सुट्टी वर्षात एकदा येत नाही. गणपती, नवरात्र, दिवाळी, पुण्याला भाचीचं लग्न, मे महिन्यात आलेले पाहुणे. त्यामुळे खंड पडणारच असं धरून दोन गोष्टी आधीच करून ठेवा.

एक, बाहेरगावी चालेल अशी छोटी जोडी. काकू पुण्याला गेल्या तेव्हा जुना फोन सोबत नेला, पण व्यायाम फक्त खुर्चीतला : पाय सरळ करणं आणि उठबस, सात-आठ मिनिटं. राजमे नेले नाहीत, दहा नाणी चालतात. लग्नघरात साडेचारला कुणी सोडणार नाही, म्हणून वेळ सकाळी अंघोळीआधीची. त्यांतले काही दिवस चुकले, पण कादंबरी लग्नघरात 'अशीच' ऐकली गेली नाही. कुलूप शाबूत राहणं हे त्या आठवड्यात व्यायामाहून महत्त्वाचं होतं.

दोन, परतल्यानंतरच्या दुसऱ्या दिवसाचा गजर निघण्याआधीच तारखेसह लावून ठेवा, आणि त्यावर गोष्टीतला सगळ्यात टोचणारा प्रश्न लिहा. परतल्यावर 'बघू, सोमवारपासून' म्हणायला जागाच राहत नाही. पहिला दिवस नको, त्या दिवशी बॅगा आणि धुणं असतं.

कादंबरी नेमकी खंडाच्या तोंडावर संपू देऊ नका. शेवट जवळ आला असेल आणि चार दिवसांनी प्रवास असेल, तर तो शेवट परतीसाठी राखून ठेवा. एरवीही, शेवटचे दोन-तीन भाग उरले असतानाच पुढची कादंबरी जुन्या फोनवर उतरवून ठेवा. जोडी सर्वांत जास्त वेळा मोडते ती कादंबरी संपल्यानंतरच्या दिवशी, कारण त्या दिवशी गजरावर लिहायला काही नसतं. ज्या दिवशी एक संपते, त्याच दिवशी उरलेल्या मिनिटांत दुसरीची सुरुवात ऐकून घ्या, नावं कळण्यापुरती तरी.

## जोडी चालत नसेल तर कुठे बघायचं

दोन आठवड्यांनी तीन प्रश्न विचारा. मी माझ्या खुर्चीत बसून हेच विचारते आणि उत्तरावरून बिघाड कुठे आहे ते कळतं.

गोष्ट पुढे गेली आहे, पण गुडघा तिथेच आहे, असं असेल तर कुलूप गळतं आहे. गोष्ट कुठे, कधी, कुणाच्या फोनवर ऐकली जाते ते शोधा आणि टप्पा ३ परत करा. बाकी कशाला हात लावू नका.

गोष्टही पुढे गेली नाही आणि व्यायामही झाला नाही, असं असेल तर बहुधा आठवणीत दोष आहे. गजर वाजतो तेव्हा तुम्ही कुठे असता? हात पिठात असतात का? लेबलवर कालचीच ओळ आहे का? वेळ बदला किंवा ओळ बदला, पण दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. वेळ बदलून, ओळ रोज नवी लिहूनही काही होत नसेल तर मोहच लहान आहे. कादंबरी अर्ध्यावर सोडून द्या, पूर्ण केलीच पाहिजे असा काही कायदा नाही. दुसरी घ्या.

आणि व्यायाम रोज होतो आहे, पण जुना फोन पिशवीतच राहतो, असंही कधी कधी दिसतं. काका हे त्यातले. काकूंची पिशवी बघून त्यांनीही दोन दाणे इकडून तिकडे करायला सुरुवात केली, आणि गोष्ट लावायची आठवणच त्यांना राहिली नाही. अशा माणसाला जोडीची गरज नाही. त्याला फक्त साडेचारची वेळ आणि वाटी द्या, आणि फोन काकूंसाठी राहू द्या.